शुल्कवाढ नाही, फक्त रक्कम जास्त

मा. मुख्याध्यापक यांस,


विषय : शुल्क सूचनेच्या मराठी प्रतीबाबत खुलासा मिळणेबाबत.

महोदय,

इंग्रजी सूचनेसोबत यंदा आपण मराठी प्रतही पाठवलीत, याबद्दल आभार. ठरलेले शुल्क मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत फलकावर लावावे, असे 2011चा शुल्क विनियमन कायदा सांगतो. तो पाळण्याची आपली तळमळ प्रतीच्या ओळीओळीत दिसते. अर्थ मात्र दिसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिलेच वाक्य असे आहे : ‘आपल्या प्रभागाचे उल्लेखनीय शुल्क त्वरित भरावे.’ शुल्क उल्लेखनीय आहे, हे आम्हाला एकदम मान्य. पण प्रभागाचे पैसे चौथीतल्या मुलाच्या बापाने का भरायचे? मी सूचना घेऊन आमच्या नगरसेवकांच्या कार्यालयात गेलो, तर त्यांनी हात जोडले.

पुढे ‘अंतिम तारखेनंतर दररोज 50 रुपये छान आकारले जातील’ असे म्हटले आहे. छान आकारणे म्हणजे हसतमुखाने आकारणे असावे. दहा दिवस उशीर झाला तर 500 रुपयांचे छान होईल, एवढा हिशेब आम्ही लावून ठेवला आहे. खाली सही ‘मुद्दल’ या हुद्द्याने केलेली आहे. मुद्दल आपण असाल, तर व्याज कोणाकडे भरायचे तेही कळवावे.

असो. शब्दांचे सोडून देऊ. आकडे एकदम शुद्ध मराठीत आहेत. मुलगा तिसरीत असताना शिक्षण शुल्क 48,000 आणि सत्र शुल्क 8,000, असे 56,000 रुपये आम्ही भरले. यंदा या दोन्ही रकमा तशाच आहेत आणि ‘शुल्कात कोणतीही वाढ नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. मात्र त्याखाली ‘सावधगिरीचा पैसा’ 5,000 आणि ‘विविध’ 9,000 अशा दोन नव्या ओळी आल्या आहेत. बेरीज 70,000 होते. वाढ नसताना रक्कम 14,000ने, म्हणजे बरोबर 25 टक्क्यांनी फुगली. हे गणित चौथीच्या पुस्तकात असल्यास पान क्रमांक कळवावा.

सावधगिरीचा पैसा म्हणजे अनामत, हे इंग्रजी प्रत शेजारी ठेवल्यावर उमगले. अनामत म्हणजे शाळा सोडताना परत मिळायची रक्कम. ती आम्ही प्रवेशाच्या वेळीच भरली असून पावती जपून ठेवली आहे. मग पुन्हा कशासाठी? शिवाय सूचनेच्या शेवटी ‘एकदा भरलेली कोणतीही रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असे बजावले आहे. अख्ख्या कागदावरचे एकही चूक नसलेले वाक्य नेमके हेच कसे, याचे कुतूहल आहे.

राहिले ‘विविध’. कायद्याच्या भाषेत शाळा ज्या ज्या नावाने पैसे घेते ते सगळे शुल्कच. त्यामुळे नवी ओळ घालणे म्हणजे शुल्क वाढवणेच. त्यासाठी व्यवस्थापनाने शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी, म्हणजे आपल्याकडे डिसेंबरपर्यंत, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवायचा असतो. समितीने मंजूर केलेले शुल्क पुढे दोन वर्षे बदलत नाही. आमचे 56,000 गेल्याच वर्षी मंजूर झाल्याचे आपण सांगितले होते. मग हे ‘विविध’ कोणत्या बैठकीत जन्माला आले? समितीवरचे पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. त्या चिठ्ठ्या कधी टाकल्या? मी इच्छुक होतो, पण माझी चिठ्ठी बहुधा भाषांतराला गेली असावी.

हे पत्र म्हणजे तक्रार समजू नये. विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात, आणि आमचे पालक फक्त शाळेच्या फाटकावर एकत्र येतात. तिथे आवाज चढतो, पण ‘मुलाला त्रास होईल’ असे कोणीतरी कुजबुजते आणि दुसऱ्या दिवशी सगळे रांगेत धनादेश घेऊन उभे असतात. ही भीतीच शाळेची खरी अनामत! तिची पावती आपण कधीच देत नाही.

तरी समितीच्या बैठकीची तारीख, ठरावाची प्रत आणि ‘विविध’चा तपशील मिळावा, ही विनंती. आपल्या कार्यालयातले शिपाईकाका उत्तम मराठी बोलतात. ‘पैसे वाढलेत साहेब, भरून टाका,’ हा सूचनेचा सारांश त्यांनी मला सहा शब्दांच्या आत सांगितला होता. पुढची प्रत त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी.

कळावे,
आपला नम्र,
एक पालक

ता. क. : उत्तर मराठीत देणे जमत नसेल तर इंग्रजीत द्यावे. भाषांतर मी बाहेरून करून घेईन. त्याचा खर्च पुढच्या हप्त्यातून वळता करून घेतला जाईल. तपशिलात ‘विविध’ असे लिहीन.