फळीला सुटलेलं पोट

माणसाला पोट सुटतं ते साधारण चाळिशीनंतर. पुस्तकांच्या फळीला ते दुसऱ्या पावसाळ्यातच सुटतं, निदान आमच्या पेणला तरी. आणि माणसासारखंच तिथेही होतं, घरच्यांच्या लक्षात सगळ्यात शेवटी येतं. फळीकडे बघतो कोण? बघणारे पुस्तकांच्या पाठी बघतात, त्यातही आपण दिलेलं पुस्तक परत आलं आहे का, एवढंच. पण मधल्या पुस्तकांची डोकी एकमेकांकडे झुकून काहीतरी कुजबुजताना दिसली, की समजावं, खालची फळी झोळ धरते आहे. खात्री करायची तर फळीच्या पुढच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरावा आणि मध्ये किती फट पडते ते बघावं. तीन फुटांत दोनेक मिलिमीटर फट असली तर नजरेला जेमतेम खुपते. बोट आत जायला लागलं तर पुस्तकं उतरवायला घ्यावीत.

पुस्तकं आपण नगावर मोजतो. 'माझ्याकडे हजार पुस्तकं आहेत,' असं सांगण्यात एक रुबाब असतो. पुस्तकं किलोवर मोजणारा गावात एकच, रद्दीवाला. फळीच्या बाबतीत मात्र त्याचाच हिशोब खरा. नेहमीच्या आकाराच्या कादंबऱ्या आणि कथासंग्रह एका फुटात सहा-सात किलो भरतात. मराठी विश्वकोशासारख्या जाडजूड, उंच खंडांचं एक फूट पंधरा किलोच्या घरात जातं. चकचकीत कागदावर छापलेली चित्रांची पुस्तकं त्याहून वजनदार, कारण त्या कागदावर चिकणमातीसारख्या पांढऱ्या भुकटीचा थर दिलेला असतो. पेणमध्ये मातीला तोटा नाही, पण ती अशी कपाटातही शिरते. म्हणजे विश्वकोशाने भरलेली तीन फुटी फळी पंचेचाळीस किलो उचलून उभी असते, जवळजवळ तांदळाचं एक पोतं. पोतं निदान जमिनीवर ठेवलेलं असतं आणि महिन्या-दोन महिन्यांत रिकामं होतं. कोश कोण रिकामा करतो? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये आला, आणि तेव्हापासून एकेक खंड घेत गेलेल्या घरांत फळीने दर काही वर्षांनी एक पाहुणा जास्त सांभाळला आहे.

सुताराकडे गेलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, "प्लाय किती एमएमचा वापरणार?" आमच्या मिस्त्रींनी हा प्रश्न ऐकला आणि कानामागची पेन्सिल काढून उलट विचारलं, "काका, फळी लांब किती हवी ते आधी सांगा." मी ऐटीत म्हटलं, "तीन फूट. एका ओळीत सगळे खंड दिसले पाहिजेत." त्यांनी पेन्सिल परत कानामागे ठेवली.

त्यांच्या त्या हालचालीत फळीचं सगळं गणित आलं. पुस्तकं लांबीभर सारखी लावली, तर मधला झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तीन फुटांची फळी दोन फुटांवर आणली, तर झोळ दोन-तृतीयांश उरत नाही, तो पाचव्या हिश्शावर येतो. आमचंच उदाहरण घ्या. पाऊण इंच जाडीची, दहा-बारा इंच रुंदीची तीन फुटी फळी, तीही तयार कपाटांत असते तशी भुश्याच्या बोर्डाची. तिच्यावर कोश ठेवले तर ढोबळ हिशोबाने सेंटिमीटरभर तरी ती पहिल्याच दिवशी वाकते. तेवढ्याच जाडीचा चांगला प्लाय घेतला तर निम्म्यावर येते, साधारण पाच मिलिमीटर. आणि तोच प्लाय दोन फुटांवर आधार देऊन बसवला तर मिलिमीटरभर. सामान तेच, बरोबर मध्ये नाही तर दोन फुटांवर एक उभी फळी जास्त. एका ओळीत सगळे खंड दिसण्याची माझी हौस एवढ्यावर सुटली. आता ओळ तीच आहे, मध्ये उभ्या फळ्यांचे खांब आहेत, आणि पाहुण्यांना ती मुद्दाम केलेली रचना वाटते.

जिथे मध्ये आधार देणं शक्यच नसेल तिथे मिस्त्रींचा दुसरा उपाय असतो, पट्टी. सागाची दीड इंच उंचीची पट्टी फळीच्या पुढच्या कडेला उभी लावायची, सरस आणि स्क्रू दोन्ही वापरून. जाडी पाऊण इंच पुरते. दिसायला ती नुसती शोभेची किनार, प्लायच्या कापलेल्या कडा झाकणारी. पण उभं लाकूड आडव्यापेक्षा कितीतरी ताठ असतं. एवढ्याशा पट्टीने फळीचा ताठपणा दुपटीच्या वर जातो. लोखंडी रॅकचा पत्रा हाताने वाकवता येईल इतका पातळ असूनही तीन फूट पेलतो, तो याच युक्तीवर, त्याच्या कडा खाली दुमडलेल्या असतात म्हणून. पट्टी आडवी चिकटवून 'मजबुती केली' म्हणणारेही असतात. त्यांना हात जोडावेत.

आता कोकणाची भर. लाकडावर ओझं सतत राहिलं, तर ते पहिल्या दिवशी जेवढं वाकतं तेवढ्यावर थांबत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. त्यात ते ओलं-सुकं, ओलं-सुकं होत राहिलं तर आणखी. आमच्याकडे पाऊस चार महिन्यांत तीन मीटरच्या आसपास पडतो. म्हणजे दर वर्षी फळी आषाढात पाणी पिते, कार्तिकात ओकते, आणि डोक्यावर ओझं तेच. मग वाक दुप्पट होतो आणि पुस्तकं उतरवली तरी परत जात नाही. काही जण फळी उलटी करून बसवतात. वर आलेलं पोट काही दिवस झकास दिसतं, पुस्तकं टेकडीवर बसल्यासारखी. नंतर ती फळी दुसऱ्या बाजूने तोच प्रवास सुरू करते.

भुश्याचा बोर्ड तर इथे घेऊच नये. कड फुगते, स्क्रूची पकड सुटते आणि फळी वाकण्याआधी खिळ्यातून निसटते. प्लायला वरून सनमायका आणि खालून काहीच नाही, हाही हमखास केला जाणारा उद्योग. कोणी खाली वाकून बघतंय, असा त्यामागचा विचार. दमट हवा बरोबर वाकून बघते. उघड्या बाजूने ओल आत शिरते, ती बाजू फुगते आणि फळी पिळवटते. खालूनही सनमायका लावावा, नाहीतर पॉलिश तरी मारावं, कापलेल्या कडांसकट.

रोह्याला मावशीच्या जुन्या घरात माजघरातल्या भिंतीत एक फडताळ आहे. त्यातल्या पोथ्या, पंचांगं आणि जुने कोश माझ्या फ्लॅटमधल्या नव्या पुस्तकांपेक्षा धडधाकट आहेत, याचं मला बरेच दिवस वैषम्य वाटायचं. मावशीच्या मते हे पोथ्यांचं पुण्य. मी टेप लावून पाहिलं. फळ्या फणसाच्या, चांगल्या इंचभर जाड, आणि लांबी दोन फुटांच्याही आत, कारण भिंतीत त्याहून मोठं भगदाड पाडायची कोणाची छाती झाली नसणार. शिवाय ती भिंत घराच्या मधली. पलीकडे स्वयंपाकघर, तिथे पूर्वी दोन वेळा चूल पेटायची. पावसाचा मारा सोसणाऱ्या बाहेरच्या भिंतीत मात्र एकही फडताळ नाही.

आपण नेमकं उलटं करतो. दिवाणखान्यातली सगळ्यात मोठी मोकळी भिंत बहुधा बाहेरची असते, आणि आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. त्या भिंतीला कपाट चिकटवलं की मागच्या बाजूला ओल कोंडते आणि श्रावणात पुस्तकांच्या पाठीला मऊ, हिरवट लव येते. आतली भिंत मिळत नसेल तर कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढावं, चार-सहा इंच उंच पायांवर ठेवावं, आणि आतही पुस्तकं मागच्या प्लायला टेकवू नयेत, इंचभर वारा खेळू द्यावा. पाय असले की वाळवीची मातीची नळी चढताना दिसते. कपाट जमिनीला टेकलेलं असेल तर ती दिसते तेव्हा आतला खंड पोकळ झालेला असतो.

मग धुळीचं काय? पेणमध्ये हा प्रश्न नाजूक आहे. गणपतीच्या कारखान्यांतली पांढरी भुकटी आणि महामार्गावरचा धुरळा, दोघेही घरचेच. धूळ नुसती घाण असती तर फडक्याने भागलं असतं. ती ओल धरून ठेवते आणि बुरशीला अन्न पुरवते. म्हणून काचेची दारं हवीत. पण घट्ट बंद दारं पावसाळ्यात आत दमट हवेची कोठी करतात. मिस्त्रींनी आमच्या दारांना वर आणि खाली अर्ध्या इंचाची फट ठेवली आणि तिच्यावर बारीक जाळी ठोकली. थोडी धूळ येते, ती कोरड्या रंगकामाच्या ब्रशने वरच्या कडेवरून बाहेरच्या दिशेने झाडायची, पुस्तक घट्ट मिटून धरून. ओलं फडकं नाही.

कपाटात तळाशी जुना पिवळा बल्ब लावण्याची पद्धत खुळचट वाटते, पण तिच्यात तथ्य आहे. बाहेर 28 अंश तापमान आणि 88 टक्के दमटपणा असेल, तेव्हा तीच हवा आत तीन अंशांनी तापवली की दमटपणा 74 टक्क्यांवर येतो. बुरशी साधारण 65-70 च्या वर जोर धरते, म्हणजे बल्ब तिला हाकलत नाही, तिची भूक कमी करतो. एलईडीने हे होत नाही, तो बिचारा फारसा तापतच नाही. बल्बच्या वीतभर अंतरात कागद मात्र ठेवायचा नाही.

पुस्तकांच्या मधल्या जागेवरून घरात वाद होतात. ती ताठ उभी राहावीत इतकी जवळ हवीत, कारण तिरपी झाली की पुठ्ठा पिळतो आणि जड पुस्तकाची पानं स्वतःच्या वजनाने शिवणीतून सुटतात. आणि बोट घालून बाहेर काढता येतील इतकी सैलही हवीत. दाटीवाटीतलं पुस्तक आपण पाठीच्या वरच्या टोकाला धरून ओढतो आणि तेवढा कोपरा हातात येतो. शेजारची दोन पुस्तकं थोडी मागे ढकलून मधलं कमरेत धरावं. फार उंच, फार जड ग्रंथ आडवेच निजवावेत, एकावर एक तीनपर्यंत. डोक्यावर दीड इंच मोकळं.

हा दीड इंच आणि ओळीच्या शेवटी राखलेली चार बोटं हेच सगळ्यात अवघड बांधकाम. घरच्यांना रिकामी जागा बघवत नाही. पहिल्याच आठवड्यात तिथे चष्म्याचं घर आलं, मग विजेची बिलं, मग औषधांच्या बाटल्या. गणपतीनंतर शेजारच्या मूर्तिकारांनी प्रेमाने दिलेली शाडूची छोटी मूर्ती आली आणि बायकोने ती शोभेल अशा ठिकाणी, फळीच्या बरोबर मध्यभागी, कोशांच्या पुढ्यात ठेवली. मी तिला सांगितलं, की मध्ये एकाच जागी ठेवलेलं ओझं तेवढ्याच पसरलेल्या ओझ्यापेक्षा दीडपटीहून जास्त झोळ आणतं. ती म्हणाली, "देवाचं ओझं होतं का कधी?" अखेर बाप्पा उभ्या आधाराला लागून डाव्या टोकाला बसले. तिथे ते कितीही जड झाले तरी फळीला पत्ता लागत नाही, आणि विश्वकोशाचा शेवटचा खंड काढायला आता दोन्ही हात लागतात.