नुसता 'ढ'

सर्चच्या चौकटीत नुसता 'क' टाकून थांबा. पुढं काही लिहायच्या आत खाली यादी उतरते. कोल्हापुरात बसून टाकलात तर बहुधा कोल्हापूरचं हवामान, कोल्हापूरहून सुटणारी एखादी रेल्वे, कांद्याचा भाव, असलं काहीबाही. तुमच्या फोनवर वेगळं येईल, कारण त्या यादीत तुमचं गाव, तुमची भाषा, तुम्ही मागं काय काय शोधलंत आणि सध्या गावभर लोक काय विचारतायत, या सगळ्याचा हिशेब असतो. तुम्हाला काय हवंय हे त्या चौकटीला कळलेलं नसतं. 'क'पासून सुरू होणारं लोकांनी आजवर काय विचारलं, त्यातलं जास्त चालणारं ती पुढं करते, एवढंच. आपल्याकडच्या मिसळीच्या हॉटेलातला पोऱ्या असाच असतो. आपण "क..." म्हणायचा अवकाश, तो "कट आणू का कांदा?" म्हणून मोकळा.

गूगलनं हे २००४ च्या डिसेंबरात प्रयोग म्हणून सुरू केलं आणि २००८ मध्ये मुख्य पानावर आणलं. २०१० पासून काही वर्षं तर कहरच होता. प्रत्येक अक्षराबरोबर नुसती सुचवणी नाही, खालचे निकालसुद्धा बदलायचे. माणूस विचार करत टाइप करतोय आणि पान आपलं नाचतंय. पुढं लोक मोबाइलवरच शोधायला लागले आणि २०१७ मध्ये तो नाच बंद झाला.

यातली गंमत अशी, की सर्चची चौकट लिहिणं अर्धवट असतानाच वाचते. बटण दाबायच्या आधीच आपला 'क' पलीकडं पोचलेला असतो. पण तो 'अजून यायचंय' या खात्यात जमा होतो. त्यातून वाईट वाटण्यासारखं काही निघत नाही. 'क' पुसा, 'ढ' टाका. ढगफुटी, ढोकळा, जे असेल ते येईल. चौकट विचारत नाही, की मघाचा 'क' का पुसलात.

चॅटमध्ये नेमकं उलटं. तिथं लिहिताना पलीकडच्याला काहीच दिसत नाही, फार तर 'टाइप करत आहे' एवढं दिसतं. पण एकदा बाण दाबला, की जे गेलं ते पूर्ण वाक्य. एक अक्षर असलं तरी पूर्ण. कुणीतरी, कुणालातरी, काहीतरी म्हणून धाडलेलं.

शिवाजी पेठेतल्या आमच्या आत्याच्या घरी गेल्या जूनमध्ये हेच झालं. पुण्याच्या जावयांनी घरच्या ग्रुपवर पोराचा दहावीचा निकाल टाकला: ८६ टक्के, पेढ्याचं चित्र, हात जोडलेले. आत्याचा फोन तेव्हा धाकट्या नातीच्या हातात होता. वय वर्षं तीन. मराठी कीबोर्डावर ट, ठ, ड, ढ शेजारी शेजारी बसलेले. पोरीनं त्यातला एक निवडला आणि बाणही दाबला. निकालाच्या बरोबर खाली, सासूबाईंच्या नावानं, एकच अक्षर उमटलं: 'ढ'.

जावयांनी थोड्या वेळानं 'बरं' एवढंच लिहिलं. पुण्याच्या माणसाचं 'बरं' किती लांब जातं, ते पेठेत सांगायला नको. पाठोपाठ लेकीचा फोन.

"आई, ह्यांना काय लिहिलंस गं?"

"मी कुटं काय लिहिलं? मी भाकऱ्या थापाय लागलीया!"

मग एका हुशार भाच्यानं सल्ला दिला, की मेसेज उडवून टाका. उडवला. पण उडवला की मागं पाटी राहते, हा मेसेज डिलीट केला म्हणून. त्यामुळं ज्यांनी 'ढ' पाहिलाच नव्हता, तेही विचारायला लागले, आत्यानं असं काय लिहिलं होतं? कराडच्या काकूंनी तर वेगळा फोन करून चौकशी केली.

आता त्या पोरीनं हाच 'ढ' सकाळी कुणाच्या 'शुभ प्रभात'खाली टाकला असता, तर लोक म्हणाले असते, बोट लागलं असेल. अक्षर तेच, फोन तोच, पोरगी तीच. फरक एवढाच, की वर निकाल होता. पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञानं संभाषणाबद्दल एक साधी गोष्ट मांडली आहे: बोलणारा विषयाला धरूनच बोलतोय, असं ऐकणारा आधी गृहीत धरतो. दिसायला संबंध दिसत नसला तर तो स्वतः जोडून घेतो. जावयांनी तेच केलं. गुणपत्रिकेखाली 'ढ' म्हटल्यावर संबंध जोडायला फार डोकं लागत नाही.

माझ्या मते चूक झाली ती पुढच्या पायरीवर. समोरासमोर असते तर जावई "आँ?" म्हणाले असते आणि दोन मिनिटांत सगळे हसले असते. हा "आँ?" फार कामाचा. २०१३ मध्ये मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा तपासल्या, तेव्हा हा नीट कळलं नाही असं सांगणारा उद्गार त्या सगळ्यांत जवळजवळ सारखाच निघाला. चॅटमध्ये त्याच्या जागी नुसतं '?' चालतं. पण ते कुणी पाठवत नाही. विचारलं तर आपल्यालाच कळलं नाही असं होतं ना!

सध्याचे चॅटबॉट या बाबतीत जावयांपेक्षा बरे. कोऱ्या पानावर त्यांना नुसता 'ढ' दिला, तर बहुतेक वेळा ते काय हवंय म्हणून विचारतात. कधी उत्साहात येऊन 'ढ' या वर्णावर छोटा निबंधही लिहितात. पण मागचं बोलणं त्यांच्याही हिशेबात असतं. आधी अ, ब, क, ड असे चार पर्याय आले असतील, तर नुसता 'ब' हे पुरेसं उत्तर होतं. सर्चच्या चौकटीत तोच 'ब' टाकला तर बटाटा, बस, बँक. मागं कुणी प्रश्न विचारला होता, हे तिच्या गावीही नसतं.

एकटं चिन्ह किती बोलू शकतं ते बघायचं तर पावसाळ्यात आमच्या पेठेचा ग्रुप बघावा. जुलैत पाऊस लागला, की राजाराम बंधाऱ्याजवळच्या पंचगंगेच्या पातळीचे आकडे येत राहतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. एरवी चार-चार ओळींचे सुविचार टाकणारी माणसं तेव्हा नुसतं '३९' लिहितात. पुढं 'फूट' नाही, नदीचं नाव नाही. कुणी 'म्हणजे काय?' विचारत नाही. '४३' आला, की नदीकाठचे लोक गाड्या वर काढतात, कपाटातली कागदपत्रं माळ्यावर जातात. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना त्या दोन आकड्यांपुढं वाक्य लागत नाही. तेच ४३ सर्चमध्ये टाका. शोधा म्हणजे सापडेल, पण नदी सापडेलच असं नाही.

तेव्हा दोन विनंत्या. चुकून एखादं अक्षर गेलंच तर ते उडवू नका. खाली 'नातीनं दाबलं' एवढं लिहा. आणि पोरांच्या हातात फोन देणारच असाल, तर आधी घरचा ग्रुप बंद करून सर्चची चौकट उघडून द्या. तिथं त्यांनी सगळी बाराखडी ओतली तरी पुण्याहून फोन येत नाही.