पॉजचं बटण आणि पगाराची कात्री

पगार कायमचा कमी झाला की मध्यमवर्गीय माणूस आधी फोन उघडतो आणि एसआयपीवरचं ‘पॉज’ दाबतो. थांबवलं म्हटलं की बंद केल्याचं पाप लागत नाही. पण ही पॉजची सोय बहुधा दोन-तीन महिन्यांची असते. मुदत संपली की हप्ता आपोआप खात्यावर येऊन थडकतो आणि पैसे नसले की बँक परतीचा दंड लावते. पगार मात्र तीन महिन्यांनी परत येणार नसतो.

पुण्यातलं एक घर घ्या. हातात येणारे ब्याण्णव हजार आता चौऱ्याहत्तर झाले. घरखर्च, गृहकर्जाचा हप्ता आणि विमा धरून बासष्ट जातात. उरलेल्या तीस हजारांत चार स्वप्नं पोसली जात होती: मुलीच्या शिक्षणाचे दहा, निवृत्तीचे आठ, नव्या गाडीचे सात, युरोपचे पाच. आता उरतात बारा.

नवरोजींनी क्षणात निवृत्तीवर कात्री चालवली. साहजिक आहे. गाडीसाठी शेजारी विचारतो, युरोपसाठी मेव्हणी विचारते. म्हातारपण बिचारं कुणाला फोन करत नाही! निवृत्तीला अठरा वर्षं आहेत, तीन वर्षं थांबलं तर काय बिघडलं? वर्षाला दहा टक्के वाढ धरा (ती मिळेलच असं नाही). या तीन वर्षांत न भरलेले दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार निवृत्तीच्या दिवशी सुमारे पंधरा लाखांचं भगदाड पाडतात.

बाईंनी कागद ओढून घेतला आणि प्रत्येक स्वप्नाला एकच प्रश्न विचारला: तुझी तारीख पुढे ढकलली तर चालेल का? गाडीची चालते, जुनी अजून धावते. युरोपची तर छान चालते. दोन्ही एसआयपी पॉज नाही, सरळ रद्द. मुलीची बारावी मात्र आठ वर्षांनीच येणार. तिथे तारीख हलत नाही, रक्कम हलते. दहाचे सहा केले. त्याच दहा टक्क्यांनी साडेचौदा लाखांऐवजी पावणेनऊ लाख जमतील आणि उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज मिळतं. निवृत्तीसाठी कर्ज द्यायला कोणी बँक बसलेली नाही, म्हणून ते आठ हजार तसेच. बेरीज झाली चौदा. कमी पडलेले दोन हजार हॉटेलच्या बिलातून काढले. टर्म विम्याचा प्रीमियम वाचवायची टूम निघाली होती, ती बाईंनी नजरेनेच परतवली.

नवरोजी म्हणाले, “निवृत्तीला हातही लावला नाही की गं!”

बाईंनी पगारपत्रक पुढे सरकवलं. बेसिकच कमी झालेलं, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात होता. म्हणजे त्यांचा आणि कंपनीचा, दोन्ही वाटे घटलेले. निवृत्तीवर कात्री चालवायला कंपनीने घरच्यांची वाट पाहिलीच नव्हती.