माफीनाम्याचा नमुना

दक्षिण गोव्यातल्या एका हॉटेलचा माफीनामा पर्यटन अभ्यासक्रमात लावावा, इतका सुबक आहे.

पुण्याच्या कुटुंबाच्या तिकिटावर GOX, म्हणजे मोपा, स्वच्छ छापलेले होते. हॉटेलच्या चालकाने मात्र सवयीने गाडी दाबोळीला, म्हणजे GOI ला नेली. २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ आहेत, ही बातमी सावकाश पसरते आहे. दोन्हींत सुमारे ६० किलोमीटरचे अंतर, आणि चेक-इन विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद. मोपाला पोहोचेपर्यंत विमान पुण्याच्या वाटेवर होते.

संध्याकाळी संदेश आला : ‘आपली गैरसोय झाली, क्षमस्व.’ कुणी केली, हा क्षुद्र प्रश्न त्यात नाही. गैरसोय पावसासारखी आपोआप झाली. खरे तर एका भाड्यात दोन विमानतळ दाखवणारी ही सहल पॅकेजमध्येच घालायला हवी. ‘उभय विमानतळ दर्शन, नाश्त्यासह’.

उदारपणाही कमी नव्हता. ‘पुन्हा बुकिंग विनामूल्य’, अर्थात गाडीचे. विमानाची चार नवी तिकिटे कुटुंबानेच काढली, पुन्हा मोपाहून.

संदेशाच्या तळाशी नव्या फेरीचा तपशील होता : ‘उद्या पहाटे साडेचार. चालक : आजचेच. ठिकाण : गोवा विमानतळ.’