शिपायाची परस्पर बदली

आमच्या कार्यालयात कोण कोणाच्या हाताखाली, हे समासावरून ओळखायचं. महाव्यवस्थापक यादीत अगदी डावीकडे. त्यांच्या खाली चार स्पेस सोडून लेखाधिकारी, आणखी चार सोडून वरिष्ठ लिपिक. जो जितका उजवीकडे, तितका त्याचा पगार कमी आणि काम जास्त.

पगाराच्या नव्या सॉफ्टवेअरला हा दरबारी थाट कळेना. त्याला सरळ तक्ता हवा होता: एका रकान्यात माणूस, शेजारी त्याचा वरिष्ठ. काम माझ्याकडे आलं, कारण मला एक्सेल येतं असा कार्यालयात प्रवाद आहे.

'लिपिक' हे पद यादीत जागोजागी होतं, त्यामुळे पदावरून वरिष्ठ शोधणं म्हणजे गर्दीत 'अहो पाटील' अशी हाक मारणं. म्हणून A रकान्यात प्रत्येकाला क्रमांक दिला, B मध्ये पद होतंच. C मध्ये पायरी काढली, म्हणजे पहिल्या अक्षराआधीच्या स्पेस मोजून चारने भागायचं. D मध्ये वरिष्ठाचा क्रमांक:

```
C2: =(FIND(LEFT(TRIM(B2),1),B2)-1)/4
D3: =LOOKUP(2,1/(C$2:C2=C3-1),A$2:A2)
```

दुसरं सूत्र मोठं बेरकी आहे. एक पायरी वरच्या प्रत्येकाला ते 1 देतं, बाकीच्यांच्या वाट्याला त्रुटी. मग शोधायला निघतं 2, जो कुठेच नाही! हात हलवत परतण्यापेक्षा ते शेवटचा 1 उचलतं. तोच जवळचा साहेब. महाव्यवस्थापकांचा D रिकामा ठेवायचा. त्यांच्या वर फक्त पंखा.

सूत्र खाली ओढलं आणि भांडारातला शिपाई लेखा विभागात गेला. अर्ज नाही, शिफारस नाही. क्रमांक 3 वरिष्ठ लिपिक, 4 भांडारपाल, 5 शिपाई. भांडारपाल पहिल्या पायरीवर, म्हणून शिपाई दुसऱ्या पायरीवर, आठ स्पेसवर हवा होता. तो बसला होता बारावर. सूत्राने दुसऱ्या पायरीवरचा माणूस शोधला, भांडारात कोणी सापडला नाही, म्हणून वरचा लेखा विभागातला वरिष्ठ लिपिक त्याच्या डोक्यावर बसवला. त्रुटीचा संदेशही नाही. सगळं कसं नियमानुसार!

यादी करणाऱ्या हेडक्लार्कना विचारलं.

"अहो, शिपाई आहे तो," ते म्हणाले. "भांडारपालाला चिकटून कसा लिहायचा? थोडा आत घेतला."

अंतर मानाचं होतं, सूत्राला ते वरिष्ठतेचं वाटलं. चार स्पेस खोडल्या आणि बदली रद्द झाली.

तुमच्या यादीतही असे मानकरी असतील. म्हणून D च्या नादी लागण्याआधी C रकाना वरून खाली वाचून काढा. आकडा वाढला तर एकानेच वाढायला हवा. कमी कितीही होऊ दे. आणि समास एक्सेलच्या इंडेंट बटणाने दिलेला असेल तर सगळ्या पायऱ्या शून्य येतील, कारण तिथे मोजायला स्पेसच नसतात.