साडेबाराचा ड्रायव्हर

पूर्व जावातल्या इजेन ज्वालामुखीच्या विवरात निळ्या ज्वाळा दिसतात. जमिनीच्या भेगांतून गंधकाचा वायू बाहेर पडतो आणि हवा लागताच पेट घेतो. हे दिवसाही चालूच असतं, पण उजाडलं की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अंधारातच वर पोहोचायचं. चढायला दीड-दोन तास, त्याआधी बान्युवांगी गावातून पालतुदिंग नावाच्या पायथ्यापर्यंत घाटातून तासाभराहून जास्त गाडी. असा उलटा हिशेब मांडत आलं की गाडी मध्यरात्रीनंतर साडेबाराला हॉटेलच्या दारात हवी, असं उत्तर येतं.

एवढं एक वाक्य एका माणसाला सांगायचं होतं. ते काम आमच्या मेहुण्यांनी आपणहून अंगावर घेतलं. मेहुणे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पत्रव्यवहार हा त्यांचा प्रांत. बालीतल्या हॉटेलच्या व्हरांड्यात बसून त्यांनी बान्युवांगीच्या ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीत जे लिहिलं, ते मराठीत ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की’ असंच सुरू झालं असतं. त्यात आमच्या चौघांची वयं होती, वहिनींच्या गुडघ्याचा उल्लेख होता, हवामानाबाबत चौकशी होती, आणि शेवटच्या ओळीत कुठेतरी वेळ होती. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: ‘सियाप, पाक’. सोबत जोडलेले हात.

‘‘झालं काम. माणूस चोख आहे,’’ मेहुणे म्हणाले.

माझी भाची जाकार्ताला नोकरी करते. तिला ते सगळं पाठवलं तर तिचा लगेच फोन. ‘‘मामा, पाक म्हणजे साहेब आणि सियाप म्हणजे ‘हो, तयार’. पण त्याचा अर्थ एवढाच की मेसेज त्याला मिळाला. समजला असं नाही. आणि ‘बिसा?’ म्हणजे ‘जमेल का?’ असं तर विचारूच नका. ग्राहकाला तोंडावर नाही म्हणणं इथे जिवावर येतं. काहीही विचारा, उत्तर ‘बिसा, पाक’. त्याला असं विचारा की हो-नाहीत भागणार नाही. किती वाजता येणार, कुठे उभा राहणार, हे त्यालाच लिहू दे.’’

मेहुण्यांना हा सल्ला रुचला नाही. तरी त्यांनी किती वाजता, असं विचारलं आणि मग खरी गंमत सुरू झाली.

ड्रायव्हरचं उत्तर: ‘मालाम मिंगु, जाम स्तंगा सातु, या पाक?’

मेहुण्यांकडे खिशात मावणारा शब्दकोश होता. मालाम म्हणजे रात्र, मिंगु म्हणजे रविवार, स्तंगा म्हणजे अर्धा, सातु म्हणजे एक. मेहुण्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. ‘‘हा रविवारी रात्री दीड वाजता येतोय! रविवारी रात्री आपण सुराबायाला असू!’’ त्यांनी ताबडतोब दुरुस्ती पाठवली: रविवार नाही, शनिवार. तेही शब्दकोश बघून, ड्रायव्हरच्याच वळणाने: ‘मालाम सब्तु’.

‘मालाम सब्तु? सियाप, पाक.’

या एका शब्दात आमची सहल एक दिवस अलीकडे सरकली होती. जावात पूर्वापार दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून रविवारची रात्र रविवारच्या आधी येते. ‘मालाम मिंगु’ म्हणजे आपली शनिवार रात्र. तरुण मंडळी नटूनथटून फिरायला बाहेर पडतात ती. ड्रायव्हर पहिल्यापासून बरोबर होता. आणि ‘मालाम सब्तु’ म्हणजे शुक्रवार रात्र. शुक्रवारी रात्री साडेबाराला तो बिचारा बान्युवांगीच्या हॉटेलखाली गाडी लावून बसला असता आणि आम्ही सामुद्रधुनीच्या पलीकडे, बालीत घोरत पडलो असतो.

वेळेचंही तसंच. ‘स्तंगा सातु’ म्हणजे दीड नव्हे; एकाला अर्धा तास कमी, म्हणजे साडेबारा. आपण ‘पावणेदोन’ म्हणतो तेव्हा पुढच्या तासाकडे बघूनच बोलतो की. ही मंडळी अर्ध्या तासालाही तेच करतात. भाचीने हे फोनवर समजावलं तेव्हा मी मान डोलावली. मेहुणे म्हणाले, ‘‘अर्धा आणि एक मिळून दीडच होतात. गणित देशागणिक बदलत नाही.’’

मग भाचीने चार ओळी सांगितल्या आणि मी त्या वहीत देवनागरीत उतरवल्या, म्हणजे वेळ आली तर फोनवर मोठ्याने वाचताही येतील. पाठवताना अर्थात रोमनमध्ये.

‘मास, मिंगु दिनी हारी, तांगाल 14 जुली, जाम 00.30 WIB.
जंपुत दि लोबी होतेल, क पालतुदिंग.
अंपात ओरांग.
जाम बरापा मास सांपाय दि होतेल?’

पहिल्या ओळीत सगळा जीव आहे. ‘दिनी हारी’ म्हणजे मध्यरात्र उलटल्यापासून फटफटेपर्यंतचा काळ. तो शब्द आला की रात्र कुठल्या वाराची हा वाद मिटतो, आणि शेजारी तारीख असली की वार चुकला तरी गाडी चुकत नाही. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात आणि मध्ये टिंब देऊन, कारण तिकडे तशीच लिहितात. ‘स्तंगा’ला जागाच उरत नाही. दुसरी ओळ: लॉबीतून न्या, पालतुदिंगला. तिसरी: चार माणसं. शेवटची ओळ म्हणजे भाचीचा तो प्रश्न, किती वाजता पोहोचाल. ‘मास’ म्हणजे तरुण माणसाला दादा म्हटल्यासारखं. मेहुणे बालीत शिकलेला ‘ब्ली’ इथेही वापरायला निघाले होते, पण तो बालीचा दादा. जावातल्या माणसाला तो लागू नाही.

उत्तर आलं: ‘00.30 WIB, पाक. 00.15 साया सुदा स्टँडबाय दि लोबी.’ सव्वाबारालाच येऊन थांबतो. त्याने आकडा स्वतःच्या बोटांनी लिहिला, जागा लिहिली. आता खरं काम झालं होतं.

WIB ही तीन अक्षरं मेहुण्यांना अनावश्यक वाटली. पण ती नसती तर काहीच खरं नव्हतं. जावा पश्चिम इंडोनेशियाच्या वेळेवर चालतं, ती WIB. बाली मध्य इंडोनेशियाच्या वेळेवर, ती WITA, एक तास पुढे. दोन्ही बेटांच्या मधली सामुद्रधुनी इतकी चिंचोळी की पलीकडचे डोंगर स्वच्छ दिसतात. गिलिमानुकहून फेरी निघते आणि साधारण तासाभरात केतापांगला लागते. म्हणजे चारला निघालात की चारलाच पोहोचता. किनाऱ्यालगत मोबाइल कधी पलीकडचा टॉवर पकडतो आणि आपोआप एक तास खातो किंवा बहाल करतो. अशा ठिकाणी नुसतं ‘साडेबारा’ लिहिणं म्हणजे कोणाचे साडेबारा हे नशिबावर सोडणं.

शनिवारी दुपारी उतरल्यावर याच ड्रायव्हरने आम्हाला हॉटेलला न्यायचं होतं. तिथे वेळ सांगायचीच नाही, असं भाचीने बजावलं. फेरी धक्क्याला लागायच्या आधी जागा रिकामी होईस्तोवर समुद्रातच रेंगाळते. ती वेळ कप्तानही सांगू शकत नाही. म्हणून फक्त ‘नांती साया काबारी कालाउ सुदा तुरुन’, उतरलो की कळवतो. जागा मात्र पक्की करायची, आणि जागेतही मेख होती. नुसतं ‘केतापांग’ म्हटलं तर ते बंदर असू शकतं, रेल्वे स्टेशन असू शकतं किंवा तो सगळा परिसर. बंदराबाहेर मोटारी, ट्रक, ‘ताक्सी, ताक्सी’ करत बॅगेला हात घालणारी मंडळी. त्या गर्दीत पांढरी अवान्झा शोधायची तर दर तिसरी गाडी पांढरी अवान्झाच. स्टेशन मात्र बंदरापासून चालत पाच-दहा मिनिटांवर, आणि इमारतीवर नाव ठळक. म्हणून आम्ही लिहिलं: ‘कतमु दि देपान स्तासियुन केतापांग, बुकान दि पलाबुहान’. स्टेशनसमोर भेटू, बंदरात नव्हे. माझ्या मते त्यातला ‘नव्हे’ सगळ्यात मोलाचा. कुठे भेटायचं हे सगळेच सांगतात. कुठे थांबायचं नाही, हे सांगितलं की समोरच्याच्या मनातली दुसरी जागा पुसली जाते.

त्याने गाडीच्या नंबरपाटीचा फोटो पाठवला आणि वर ‘सेरलोक, पाक’ असं लिहिलं. म्हणजे लोकेशन पाठवा. नंबर P ने सुरू होणारा, बान्युवांगीकडचा; बालीच्या गाड्यांवर DK असतं. त्यामुळे उतरल्यावर DK वाल्या निम्म्या गाड्यांकडे बघायचंही कारण उरलं नाही. तो स्टेशनसमोर उभा होता, आम्हाला बघून त्याने हात केला, वहिनींची बॅग उचलली. या भागाबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. सगळं ठरल्याप्रमाणे झालं की प्रवासवर्णन अडतं.

रात्री मात्र वर्णनाची सोय झाली.

मी फोनवर बाराचा गजर लावला होता, बायकोने तिच्या फोनवर. गजर वाजले, आम्ही उठलो, आणि मग लोकरीचा एक मोजा सापडेना. वर थंडी असते, मोजा हवाच. वहिनी स्वेटर घालून बसल्या होत्या, पण बॅटरी कोणत्या बॅगेत ते त्यांना आठवत नव्हतं. साडेबारा वाजून सात मिनिटांनी आम्ही धडपडत खाली आलो.

मेहुणे लॉबीत. आंघोळ करून, मफलर गुंडाळून, ड्रायव्हरशेजारी सोफ्यावर. दोघांच्या हातात कॉफी.

‘‘किती वाजले?’’ त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मनगट पुढे केलं. घड्याळात एक सदतीस. त्या घड्याळाला त्यांनी बाली सोडल्यापासून हात लावला नव्हता; दोन दिवसांसाठी काटे फिरवत बसायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. ‘‘दीडला म्हणालो होतो, बरोबर दीडला खाली आलो. हाही दीडलाच समोर हजर. तुम्ही सात मिनिटं उशिरा.’’

ड्रायव्हर कौतुकाने म्हणाला, ‘‘बापाक तपात वाक्तु!’’ साहेब अगदी वेळेवर.

‘स्तंगा सातु’चा अर्थ त्यांनी एक तास पुढे लावला होता आणि घड्याळही एक तास पुढे होतं. एका चुकीने दुसरीला अचूक खाऊन टाकलं होतं. गाडी निघाल्यावर मी त्यांना हे समजावून सांगायला सुरुवात केली. जावा, बाली, WIB, WITA, असं ओळीने. मेहुणे पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला भारतीय रेल्वेच्या वक्तशीरपणाबद्दल काहीतरी सांगत होते.

बायकोने मागून माझा कोट ओढला. ‘‘अहो, राहू द्या. खूश आहेत ते. फक्त उद्याच्या सुराबायाच्या गाडीची वेळ त्यांना विचारू नका.’’