पॉप करतो, पण कुठे?

मालक, तुमचा निरोप मिळाला. ‘लोगो जरा पॉप करा.’ बस, एवढंच. करतो की. पण कुठे?

हा लोगो टॉवेलच्या विणलेल्या लेबलवर जाणार, अक्कलकोट रोडच्या कारखान्यावरच्या पाटीवर जाणार आणि व्हॉट्सअॅपच्या डीपीतही बसणार. तिन्हीकडे तो दबेल, पण तिन्हीकडे कारण वेगळं. दुखतंय कुठे हे न सांगता औषध मागायचं कसं?

मोठा करू? पाटीपुरतं ठीक. ढोबळ हिशेब असा, की दहा फुटांवरून नीट वाचायला अक्षर इंचभर उंच लागतं. रस्त्यापलीकडून, म्हणजे साठ फुटांवरून वाचायचं असेल तर सहा इंच. लेबलवर मात्र अक्षर मोठं केलं की भोवतीची मोकळी जागा जाते. आणि नजर अक्षराकडे जाते ती त्या मोकळ्या जागेमुळेच.

मग भडक करू? तुमचा पिवळा याहून भडक होत नाही.

तरी तो पांढऱ्या टॉवेलवर दिसत नाही, कारण दोघेही जवळपास सारखेच उजळ. उजळपणातला फरक मोजता येतो. दोन्ही रंग एकच असतील तर आकडा 1, काळ्यावर पांढरा असेल तर 21. शुद्ध पिवळा पांढऱ्यावर जेमतेम 1.07 भरतो. तोच पिवळा गडद मरूनवर ठेवा, आकडा 10 च्या वर जातो. लोगोला हातही लावला नाही, फक्त मागचं कापड बदललं.

आकड्यांवर विश्वास नसेल तर लोगोच्या फोटोतले रंग फोनवरच काढून टाका. काळ्या-पांढऱ्यात जे विरघळलं, ते दुकानातही विरघळणार.

आणि लोगोतला तो मोर! पिसाऱ्याच्या केसाएवढ्या रेघा स्क्रीनवर सुंदर दिसतात. पण जेकार्डच्या चादरीची नक्षी ग्राफवर चौकोन भरून काढतात, हे मी तुम्हाला सांगायचं? धाग्याहून बारीक रेघ विणली जात नाही आणि वळणाला पायऱ्या पडतात. लेबलच्या मापात त्या पिसाऱ्याचा डाग होणार. तीन जाड पिसं ठेवू, मोर मोरच दिसेल.

भाच्याच्या मोबाइलवर ‘चमकतो’ म्हणून केशरी पसंत करू नका. स्क्रीन प्रकाश फेकते, शाई फेकत नाही. चार शाईंच्या छपाईत तो झगझगीत केशरी मळका उतरतो. मग दोष छापखान्याचा?

सावली, सोनेरी कडा, थ्रीडी यांतलं काही मी करणार नाही. अंगठ्याच्या नखाएवढ्या डीपीत सावलीमुळे अक्षराची कड पुसट होते.

तेव्हा मालक, एवढं पाठवा: पांढऱ्या आणि मरून टॉवेलचा एकेक तुकडा, लेबलची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि दुकानातल्या त्या फळीचा फोटो जिथे तुमचा माल इतरांच्या मालाला खेटून बसतो. सोबत एक ओळ लिहा: लोगो कुठे पाहिला तेव्हा फिका वाटला?

‘मोबाइलवर’ असं उत्तर आलं, तर आधी लेबलचा नमुना विणून घेऊ. रंग त्यानंतर बदलू.